सात दिवसांचं आमंत्रण

"तुम्ही ग्रुपवर नाही ना, म्हणून मुद्दाम छापून आणलं हो," म्हणत मृणालताईंनी तालमीच्या हॉलच्या दारातच पत्र हातात ठेवलं. वृंदगान बसवणाऱ्या ताईंनी आपली एवढी आठवण ठेवली, म्हणून एकलहऱ्याहून दोन बस बदलून आलेल्या झुंबरबाईंना भरूनच आलं.

'तालमीची रेकॉर्डिंग सगळ्यांसाठी एका प्लेलिस्टमध्ये टाकली आहेत. खालचा कोड स्कॅन करून सामील व्हा आणि आपापला सूर रोज ऐका. आमंत्रण सात दिवसच चालेल. सामील न झालेल्यांना कार्यक्रमात घेणार नाही.'

बाईंनी उभ्याउभ्याच कोड स्कॅन केला. आमंत्रणाची मुदत संपली होती.

"ताई, हे उघडत नाय."

"अगबाई, ग्रुपवर टाकून आज आठवा दिवस!"

"मग दुसरं नाय धाडता येत?"

"येतं की. पण नियम सगळ्यांना सारखा. तुम्ही आता समोर बसून ऐका."

बाई खुर्चीत बसल्या. ताईंनी स्पीकर लावला आणि बायकांना बजावलं, "खालचा सूर आठवडाभर ऐकलात, अगदी तस्साच लागला पाहिजे."

स्पीकरमधून झुंबरबाई गाऊ लागल्या.