सुलाबाईंचं मनन

गीताचं शेवटचं कडवं संपलं आणि सुलाबाई मनन द्यायला उभ्या राहिल्या.

नाशिकच्या त्या जुन्या चर्चच्या कमिटीत अंदाजपत्रकाच्या सभेइतकी वाईट सभा दुसरी नव्हती. एरवी एकमेकांना 'बंधू' म्हणणारी माणसं त्या संध्याकाळी एकमेकांचा बाप काढायच्या बेतात यायची. म्हणूनच आधी मनन. एक गीत, शास्त्रातला एक उतारा, त्यावर चार शब्द आणि प्रार्थना. तेवढ्यानं मनं जरा नरम झाली की मग कलमांना हात घालायचा. यंदाचं मनन सुलाबाईंना द्यावं, असं खजिनदार उजागरे यांनीच सुचवलं होतं. आजवर हा मान कुणा बाईला मिळाला नव्हता. शाळेतून निवृत्त झालेल्या सुलाबाई आठवडाभर जमिनीवर नव्हत्या.

मनन चालू असेतो दार उघडं ठेवायची रीत होती. सभा कमिटीतल्या पंचांची, पण प्रार्थना सगळ्यांची. त्यामुळे सखुबाईही येऊन दाराजवळच्या सतरंजीवर बसली होती. ती चर्चच्या मंडळीची सेविका. आजाऱ्याच्या उशाशी बसून प्रार्थना करायची, बाळंतिणीला धीर द्यायचा, मयताला अंघोळ घालायची, हे तिचं काम. तिला नवरा नाही, मूल नाही. चर्चमागची एक खोली आणि थोडंसं मानधन, एवढ्यावरच तिचं म्हातारपण टेकलं होतं. गेल्या वर्षी ते कलम कापायचं घाटत होतं, तेव्हा सुलाबाईंनी टेबलावर हात आपटला होता. उजागरेंना तोंडावर निर्दय म्हटलं होतं, सभा डोक्यावर घेतली होती. कलम वाचलं होतं.

आज मात्र सुलाबाईंचा आवाज लोण्यासारखा होता. मंदिरात प्रार्थनेला गेलेल्या दोघांचा उतारा त्यांनी वाचला. एक परूशी, धर्मनियम काटेकोर पाळणारा आणि देवापुढं आपल्याच पुण्याईचा पाढा वाचणारा. दुसरा जकातदार, मान वर करायलाही लाजणारा. "बंधूंनो," त्या म्हणाल्या, "आज इथं आपल्यापैकी प्रत्येकाला वाटणार, माझंच खरं. तसं वाटलं की थोडं थांबू या. आपला आवाज खाली घेऊ या. दुसऱ्याचं आधी ऐकू या." मग त्यांनी मिनिटभर शांतता पाळायला सांगितली. पंखा तेवढा कुरकुरत राहिला. शेवटी प्रार्थना झाली, आणि सगळ्यांत मोठ्यानं 'आमेन' म्हणाली ती सखुबाई.

"वा, बाई!" पाळकसाहेब गहिवरून म्हणाले. "असं मनन कितीतरी वर्षांनी ऐकलं." सुलाबाई खाली बसल्या त्या अंगभर सुखावून. नम्रतेवर आपण किती छान बोललो, हेच त्यांच्या मनात घोळत राहिलं.

सखुबाई बाहेर गेली. दार लागलं. मागच्या सभेचा वृत्तांत वाचून कायम झाला आणि उजागरे एकेक कलम घेऊ लागले. वीज, ऑर्गनची दुरुस्ती, कब्रस्तानाचं कुंपण. प्रत्येक कलमाला एक जण सूचक, एक अनुमोदक, आणि हात वर. कुणी हूं की चूं करत नव्हतं.

"सेविकेचं मानधन," उजागरे हलक्या आवाजात म्हणाले. "हे यंदापासून बंद करावं, अशी माझी नम्र सूचना आहे. खोली एसटीडी बूथला भाड्यानं जाईल. ते पैसे छपराला लागतील; चर्चचं छप्पर या पावसाळ्यात तग धरणार नाही, बंधूंनो. रविवारी लहान मुलं त्याखाली बसतात. मलाही वाईट वाटतंय."

त्यांना खरंच वाईट वाटत होतं. तेच तर वाईट होतं.

सुलाबाई ताडकन उठल्या. "उजागरे, तुम्हाला काही..." आवाज चढला तसे सगळे त्यांच्याकडे बघू लागले. रागानं नाही, जरा ओशाळून. चुकीच्या जागी हसणाऱ्याकडे बघतात तसे.

"बोला ना, बाई," उजागरे म्हणाले. "तुम्ही सांगितलंत तसं आम्ही आधी ऐकून घेतो."

आणि खरोखर सगळे हात जोडून ऐकायला बसले. सुलाबाईंना भांडता येत होतं. विनवण्या करणं त्यांना कधी जमलंच नव्हतं. म्हातारी आहे, कुठं जाईल, असं काहीबाही त्या पुटपुटल्या. पंचांनी माना हलवल्या. "अगदी खरं आहे," एक जण म्हणाला आणि त्यानंच उजागरेंच्या सूचनेला अनुमोदन दिलं. हात वर झाले. सुलाबाईंनी हात वर केला नाही, पण टेबलावर आपटलाही नाही. आत्ताच मिळालेली शाबासकी त्यांना मोडवेना. हे त्यांना त्याच क्षणी कळलं, आणि स्वतःची शिसारी आली.

"आणि बाई," उजागरे कागद आवरत म्हणाले, "सखुबाईला तुम्हीच सांगा. तुमच्या तोंडून ऐकलं तर तिला जड जाणार नाही."

समाप्तीच्या प्रार्थनेसाठी दार पुन्हा उघडलं. सखुबाई आत आली, सगळ्यांबरोबर तिनं प्रभूची प्रार्थना म्हटली. पंच पायात चपला सरकवून बाहेर पडू लागले. ती मात्र सुलाबाईंजवळ आली आणि तिनं त्यांचे दोन्ही हात हातात घेतले.

"लय भारी बोलल्या, बाई. मागल्या साली तुमचं भांडण भायेर ऐकू येत व्हतं, माझं काळीज नुसतं धडधड करायचं. आज कसं गपगार. मी म्हणलं, आता काय भ्याव नाय."