नुसतं ऊन

कळंब्याच्या नर्सरीच्या जाहिरातीसाठी अनुजा मोबाइलवर एआयकडून चित्र करून घेत होती. तिने लिहिलं, ‘गच्चीवरची बाग, मातीच्या कुंड्या, गुंतलेले वेल, पानांतून झिरपणारं सकाळचं ऊन.’

चित्र इतकं देखणं आलं, की तिला मोगऱ्याचा वास आल्यासारखा वाटला.

फक्त फरशीवर एक वाकलेली सावली होती. माणूस नव्हता.

तिने पुन्हा चित्र मागितलं. कुंड्या बदलल्या, वेल बदलले, सावली तीच. ‘माणूस नको’ लिहिलं, तर ती आणखी गडद झाली. शेवटी तिने सावलीवर बोट फिरवून तेवढाच भाग निवडला आणि लिहिलं, ‘इथे नुसतं ऊन.’

आता चित्रात खोट काढायला जागा नव्हती.

“अनुजा, वर ये की गं!” गच्चीवरून सासूबाईंची हाक आली. “उन्हात उभी हाय, तरी गार लागतंय बघ.”

ती धावत वर गेली. सासूबाई मोगऱ्यावर वाकल्या होत्या. फरशीवर वेलांची सावली होती, त्यांच्या हातातल्या झारीचीही होती.

त्यांच्या पायाशी नुसतं ऊन होतं.