महादेवरावांचा हात

अकोला स्टेशनावरचा तारबाबू भगवंत पुढच्या स्टेशनावरच्या महादेवरावांची तार वाजू लागली की कान देऊन बसे. त्यांचा उजवा हात थरथरे. तारेच्या टिंब-रेघांच्या लिपीत तीन टिंबांच्या 'एस'ला चौथं टिंब लागून त्याचा 'एच' होई. म्हातारा पिऊन बसतो, असं सगळे म्हणत. भगवंतालाही आधी तोच संशय होता. पण रेघा नेमक्या येत, वाढत ती फक्त टिंबं. दारूत रेघाही ढळल्या असत्या. म्हणून तो प्रत्येक बिघडलेला निरोप जुळवून परत तिकडे वाजवून दाखवी आणि तिकडून होकार आल्यावरच गाडी सोडी.

एका सकाळी निरोप आला, 'रस्ता मोकळा, गाडी सोडा.' एकही टिंब जास्तीचं नव्हतं. तिकडे भलताच कोणी बसला असेल तर? बाहेर गार्ड खोळंबला होता, तरी भगवंतानं गाडी सोडायचा सिग्नल पाडला नाही.

"कोन वाजवून राहिलं?" त्यानं तारेवर विचारलं. "महादेवराव कुठी हायेत?"

तिकडून उत्तर वाजू लागलं.



"मीच हावो, भगवंता. घरी पाटावर टकटक करून करून डावा हात बसवला. तुले लय जुळवा लागत होतं ना."