तेरावा पत्ता

"डाव्या हाताने काप, पोरी," सिल्वेट म्हणाली.

नोएमीने भविष्य सांगायच्या टॅरो पत्त्यांची गड्डी डाव्या हाताने कापली. उजव्या हाताच्या दोन बोटांना प्लास्टर होतं. तिची बॅग पायाशी होती आणि त्यात साडेपाचच्या गाडीचं तिकीट होतं. लिल शहरात तिची बहीण तिला स्टेशनवर घ्यायला येणार होती. मार्सेय सोडून जावं की तिबोकडे परत जावं, एवढंच तिला पत्त्यांना विचारायचं होतं.

"माझ्या घराचा पत्ता कुणी दिला?" सिल्वेटने विचारलं.

"चिठ्ठी मिळाली. मी सध्या मैत्रिणीकडे राहते, तिच्या पत्रपेटीत होती. पहिल्या वेळी पैसे घेत नाही, असं लिहिलं होतं म्हणून आले."

"बरं केलंस."

सिल्वेटने निळ्या कापडावर तीन पत्ते उघडले. प्रेमाच्या प्रश्नाला ती तीनच मांडायची. डावीकडे विचारणारी, उजवीकडे तिचा माणूस, मधे दोघांतलं नातं. डावं-उजवं नेहमी पत्ते सांगणारीच्या बाजूने धरायचं. तीस वर्षांत तिने हा नियम कधी मोडला नव्हता.

डावीकडे टांगलेला माणूस आला. मधे सांगाडा, हातात विळा. उजवीकडे सिंहासनावर बसलेला बादशहा.

नोएमीचा चेहरा पांढरा पडला. "हा मृत्यू ना? तो मला मारणार का हो?"

"अगं, या पत्त्यावर नाव वाच बघू."

"नावच नाहीये."

"नुसता तेराचा आकडा आहे. बाकी सगळ्यांना नाव दिलं, याला दिलं नाही. माणूस मरणार असं हा सांगतच नाही. खाली बघ. काळी माती आहे, कापून पडलेली डोकी आहेत, आणि त्यांच्याच मधून हिरवी पानं उगवलीत. जुनं कापलं की नवं उगवतं. प्रेमात हा पत्ता आला की नातं जसं होतं तसं राहत नाही, इतकंच."

यात एक शब्दही खोटा नव्हता. घाबरून आलेल्या कितीतरी बायकांना सिल्वेटने हेच सांगून धीर दिला होता.

पण यापुढे ती त्यांना जे सांगायची, ते आज तिच्या ओठांवर येऊन थांबलं. टांगलेला माणूस विचारणारीच्या जागी आला, की अडकून पडलेली तीच. सांगाडा उजवीकडे चालतो, त्याचा विळा तिच्याकडून बादशहाच्या, म्हणजे तिच्या माणसाच्या दिशेने जातो. म्हणजे ते नातंच कापायचं. टांगलेला बारावा, सांगाडा तेरावा. वाट बघणं संपलं, आता ऊठ आणि नीघ. गेल्याच महिन्यात एका नर्सला याच जोडीवर तिने तिच्या माणसाच्या घरातून बाहेर पडायला लावलं होतं, वर निघताना तिच्या पर्समध्ये बिस्किटं कोंबली होती.

"तो कसा आहे?" सिल्वेटने विचारलं.

"चांगला आहे. म्हणजे, राग नसतो तेव्हा. नंतर रडतो, पाया पडतो. त्याला माझ्याशिवाय कुणीच नाही हो. आई तो शाळेत असतानाच गेली."

सिल्वेटने कॉफीचा पेला उचलला होता, तो तसाच खाली ठेवला. "असं म्हणतो?"

"कधीतरी बोलतो. जास्त नाही."

बाहेर वारा खिडकीची दारं आपटत होता. साडेचार वाजले होते. इथून स्टेशन चालत वीस मिनिटं. सिल्वेटला पोरीची दया आली, अगदी मनापासून आली. तरी तिने कापडाची टोकं धरली आणि पत्त्यांसकट ते अलगद अर्धं वळवलं.

"तुझ्या बाजूने बघू या. प्रश्न तुझा आहे."

आता सिल्वेटच्या डावीकडे, नोएमीच्या जागी, बादशहा आला आणि उजवीकडे, तिबोच्या जागी, टांगलेला.

"हा कसा टांगलाय? गळ्याने नाही, एका पायाने. चेहऱ्यावर वेदना दिसते का? नाही ना? सगळं उलटं बघतोय म्हणून त्याला पहिल्यांदाच नीट दिसतंय. याला फाशी झालेली नाही, हा थांबलाय. हट्ट सोडून वाट बघतोय. आणि हात बघ."

"मागे आहेत."

"मागे बांधलेले. हात उगारणारा माणूस असा दिसतो का?"

नोएमी पत्त्याकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले. "म्हणजे तो बदलेल?"

"जुना तिबो संपला, असं तेरावा सांगतो. आणि सिंहासन तुझ्याकडे आहे. घर तुझं आहे, पोरी."

"लिलची गाडी आहे माझी."

"गाड्या उद्याही असतात."

नोएमीने तिकीट काढलं, दोनदा दुमडलं आणि कोटाच्या खिशात टाकलं. जाताना तिने सिल्वेटच्या दोन्ही गालांना गाल लावले. "तुम्ही नसतात तर मी पळून गेले असते," ती म्हणाली.

तिची बॅग जिन्यावर पायरीपायरीला आपटत खाली गेली. सिल्वेट खिडकीत उभी राहिली. पोरगी कोपऱ्यावर क्षणभर थांबली, मग स्टेशनचा चढ सोडून बंदराकडे वळली.

सिल्वेटने पत्ते गोळा केले, हात धुतले आणि फोन लावला.

"निघाली ती," ती म्हणाली. "पंधरा मिनिटांत घरी येईल. आता तरी हात आवर रे बाबा. त्या पहिल्या पोरीच्या वेळी पोलिसांशी मी खोटं बोलले, पुन्हा मला जमणार नाही."

"बरं झालं, आई," तिबो म्हणाला.