बोक्याची सही

“ ‘आदरणीय मालक, आपणांस वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा,’ ” आईने वाचलं आणि ती हसत सुटली. “अगं ठमे, हा बोका आहे की बँकेचा मॅनेजर?”

ठमीने कार्ड हिसकावून घेतलं. आईने दुसरं लग्न केलं, त्याला वर्ष होत आलं होतं. तो गृहस्थ चष्म्याच्या दुकानातून रोज सातला घरी यायचा. लग्नानंतर इथे राहायला येताना त्याने दोन बॅगा आणि भोपळ्या नावाचा हा लठ्ठ बोका आणला होता. बोक्याशी ठमीचं पहिल्याच आठवड्यात मेतकूट जमलं. माणसाला मात्र काय हाक मारायची, तेच ठरेना. मग ती हाकच मारायची नाही. “तुम्ही” म्हणायची, तेही अगदीच अडलं तर. आज त्याच्या वाढदिवसाला स्वतःच्या नावाने काही लिहवेना, म्हणून बोक्याला पुढे केलं होतं.

“मांजर कुणाला अहो-जाहो करत नाही,” आई केकवर क्रीम फिरवत म्हणाली. “त्याच्या मते मालक ते स्वतःच. आणि त्याला जेवढं दिसतं तेवढंच लिही. ते कुठून बघतं?”

ठमी सरळ जमिनीवर पालथी झाली. तिथून घर वेगळंच दिसत होतं. खुर्च्यांचे पाय, सोफ्याखालची धूळ, दाराशी त्याच्या चपला. ती बराच वेळ तशीच पडून राहिली. मग तिने नवं कार्ड घेतलं आणि झरझर लिहिलं. एक वाक्य दोनदा खोडलं, तिसऱ्यांदा तसंच लिहिलं. शेवटी कुंडीतल्या ओल्या मातीत भोपळ्याचा पंजा टेकवून खाली उमटवला. भोपळ्याने या सन्मानाबद्दल तिला ओरबाडलं.

सात वाजता तो आला. हातपाय धुऊन कार्ड हातात घेतलं, खिसे चाचपले, टेबल पाहिलं.

“माझा चष्मा कुठे गेला? जगाला चष्मे देतो आणि माझाच... ठमे, तूच वाच ना.”

लिहिताना ‘तू’ बोक्याचा होता. आता तो ठमीच्या तोंडून निघायचा होता. तिने घसा खाकरला आणि चिरका, नाकातला बोक्याचा आवाज काढला.

“ ‘ए माणसा! आज तुझा वाढदिवस आहे म्हणे. असेल. माझ्या लेखी रोज माझाच असतो. तुझ्या डाव्या मोज्याला भोक आहे. ते मी मोठं केलं. आभार मानू नकोस. सकाळी तुझ्या नाकावर पंजा ठेवतो, तो लाडाने नव्हे. वाटी रिकामी असते म्हणून. तुझा चष्मा सोफ्याखाली ढकलण्याचं कामही मीच बघतो.’ ”

तो खो खो हसत सोफ्याखाली हात घालू लागला. “लबाड कुठला! पुढे?”

“ ‘तू गाणं म्हणतोस तेव्हा मी खोलीबाहेर जातो. वाईट वाटून घेऊ नकोस, आमचे कान तीक्ष्ण असतात.’ ” पुढच्या ओळी ठमीने आधी डोळ्यांनीच वाचल्या. “ ‘मी जमिनीवर राहतो. मला माणसांचे पाय तेवढे नीट दिसतात. आत कुणी अभ्यासाला बसलं की तू चपला हातात घेऊन चालतोस. तुला वाटतं, कुणाला कळत नाही.’ ”

चिरका आवाज केव्हा गळून पडला, ते तिला समजलंच नाही.

“ ‘आपण दोघं या घरात एकदमच आलो. मी लगेच रुळलो. तू अजून पाहुण्यासारखा खुर्चीच्या टोकाला बसतोस. नीट टेकून बस. आता तुला इथून कुणी जाऊ देणार नाही. तुझा, म्हणजे खरं तर तू ज्याचा आहेस तो, भोपळ्या.’ ”

सोफ्याखालचा हात तिथेच राहिला होता. मग त्याने हात बाहेर काढला, धुळीने माखलेला चष्मा सदऱ्याला पुसला, डोळ्यांवर चढवला आणि कार्ड पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

“भोपळ्याचं अक्षर सुरेख आहे,” तो म्हणाला.

“खोडाखोड झालीय थोडी.”

“असू दे. माझ्याने तर एवढंही लिहून झालं नसतं.”

आई सुरी घेऊन दारात उभी होती. ठमीने तिच्या हातून सुरी घेतली आणि मूठ त्याच्याकडे करून पुढे धरली.

“चल, केक कापतोस ना?”

आईने चमकून पाहिलं. त्याने सुरी घेतली आणि खुर्चीत चांगला मागे टेकून बसला.

भोपळ्या तर मघाशीच खिडकीतून बाहेर पडला होता. पलीकडच्या भिंतीवर बसून तो पंजाची माती चाटत होता.