खारीचं बारसं

राऊळांनी मेसेज चौथ्यांदा वाचला आणि 'सुरंगी सोसायटी'च्या ग्रुपवर टाकला.

"सप्रेम नमस्कार मंडळी. आपल्या गेटवर श्रियानं रंगवलेली खार आता सोसायटीची मॅस्कॉट झाली आहे. तिला नाव हवं! नियम असे: एका फ्लॅटचं एकच नाव, दोन आली तर पहिलं धरू. नाव मराठी आणि सुटसुटीत असावं. देवाचं, पुढाऱ्याचं किंवा सोसायटीतल्या कुणाचं नसावं. भाडेकरूंनीही भाग घ्यावा, कमिटीच्या घरच्यांनी घेऊ नये. नाव ग्रुपवर न टाकता फ्लॅट नंबरसह सोसायटीच्या मोबाइलवर पाठवावं. हा मोबाइल आजपासून कपाटात बंद राहील आणि रविवारी सकाळी सर्वांसमोर उघडला जाईल. तोवर पाण्याच्या, लिफ्टच्या तक्रारी वॉचमनला सांगाव्यात. विजेता हात वर करून ठरेल. बक्षीस पाचशे एक रुपये आणि श्रीफळ. आपला, महिपत राऊळ, सेक्रेटरी."

मोबाइल कपाटात ठेवायची कल्पना राऊळांचीच. गेल्या गणपतीत मोदकांच्या स्पर्धेत पहिला नंबर खजिनदाराच्या बायकोचा आला आणि तेव्हापासून दोन मजले एकमेकांशी बोलत नव्हते. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. राऊळांनी तर ताकाला कुलूपच लावलं. मोबाइलचा आवाज बंद केला, तो चार्जरला लावला, कपाट बंद केलं आणि किल्ली पहिल्या मजल्यावरच्या अक्षदाकडे दिली. एरवी हा मोबाइल सतत त्यांच्या खिशात असायचा. अर्ध्या रात्री पंप बंद पडला तरी ते उचलायचे. म्हाताऱ्या माणसांनी तर तो एकच नंबर पाठ केला होता.

गुरुवारी सकाळी पाचशे तीनमधल्या सुमतीताई दार उघडेनात. शेजारच्या विमलाबाईंकडे त्यांची जादा चावी असायची, त्या चावीनं दार उघडलं. ताई पलंगावर होत्या. हार्ट अटॅक, डॉक्टर म्हणाले, रात्रीच कधीतरी गेल्या. झोपेतच गेल्या असतील, असं विमलाबाई म्हणाल्या आणि दुपारपर्यंत ती सगळ्या सोसायटीची खात्री झाली.

मुलगा अनिमेष शुक्रवारी कॅनडाहून आला. भेटेल त्याला तो एकच विचारत होता: आईला त्रास झाला का, तिनं कुणाला हाक मारली का? सगळे त्याला तेच सांगत होते. राऊळांनी तर त्याचा हात हातात घेऊन सांगितलं की अरे, पुण्यवान बाई, कुणाला तोशीस न देता गेल्या. त्यानंतर तो पहिल्यांदा जेवला.

स्पर्धा रद्द करावी असं राऊळांच्या मनात होतं, पण पोरांनी चित्राखालची पाटी कोरी ठेवली होती. मग रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये आधी शोकसभा आणि नंतर नावं, असं ठरलं. अनिमेष शोकसभेला आला आणि संपल्यावर दाराशीच बसून राहिला. वर रिकाम्या घरात जाऊन करायचं काय.

अक्षदानं कपाट उघडलं. मोबाइलवर बरेच मिस्ड कॉल होते. पाण्याचे असतील, असं म्हणून राऊळांनी ते बाजूला सारले आणि मेसेज जुन्यापासून उघडायला सुरुवात केली. ते वाचत होते, अक्षदा फळ्यावर लिहीत होती. झुपकी. खारुली. चपळा. कुणीतरी नियम धुडकावून सेक्रेटरींचंच नाव पाठवलं होतं, त्यावर हॉल जरा हसला.

पुढच्या मेसेजवर पाठवणाऱ्याचं नाव वाचून राऊळ थांबले.

"सुमतीताईंचा आहे," ते म्हणाले.

विमलाबाई उठून उभ्या राहिल्या. ताईंनी जे काही नाव पाठवलं असेल तेच ठेवायचं, न ऐकताच ठरवा, असं त्या म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसायला लागल्या. एकेक करत सगळे हात वर गेले. मोदकांवरून भांडलेल्या दोन्ही मजल्यांचेसुद्धा. नियमाबाहेर कधी पाऊल न टाकणाऱ्या राऊळांनीही हात वर केला, आणि दुसऱ्या हातानं मेसेज उघडला.

'राऊळ, फोन का उचलत नाही? किती वेळ करतेय. छातीत फार दुखतंय, उठता येत नाही. हाका मारल्या, कुणाला ऐकू जात नाहीत. चावी विमलाबाईंकडे आहे. लवकर या हो.'

राऊळांनी तो दोनदा वाचला. सगळा हॉल त्यांच्याकडे बघत होता. दाराशी बसलेला अनिमेषही बघत होता. आज तीन दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर ओझरतं हसू होतं.

"चिंगी," राऊळ म्हणाले. आयुष्यात ते इतकं सरळ खोटं कधी बोलले नव्हते, आणि कुणासाठी बोलले, त्या पोरासाठी की स्वतःसाठी, ते त्यांनाही कळलं नाही.

अक्षदानं फळ्यावर मोठ्या अक्षरात 'चिंगी' लिहिलं. टाळ्या झाल्या. पोरं रंगाचा डबा घेऊन गेटकडे पळाली. राऊळांनी मोबाइल छातीशी घट्ट धरला होता. मेसेज पुसून टाकावा असं मनात आलं, पण अंगठा हलेना.

गर्दीतून वाट काढत अनिमेष त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. त्यानं स्वतःचा मोबाइल काढला होता.

"काका," तो म्हणाला, "आईचा तो मेसेज तेवढा मला पाठवा ना. शेवटचा आहे तिचा."