ओढून बघितलेलं कुलूप

"कुलूप लावल्यावर
जिन्यापाशी थांबते तुमची चप्पल,
मागे फिरते,
आणि तुमचा हात
पुन्हा एकदा ओढून बघतो
आमचं घर."

सासूबाईंच्या वाढदिवसाची कविता वाचून मी कागद खाली ठेवला. टाळ्या पडेनात. यमकाची वाट बघत बसलेल्या मामंजींनी विचारलं, "संपली?"

"यमक नाही जुळलं का गं?" सासूबाई म्हणाल्या.

"जुळलं होतं, आई. माया, छाया. पण त्यात कुणाचीही सासू बसली असती. म्हणून खोडलं."

मग सगळे जेवायला बाहेर निघालो. सासूबाईंनी कुलूप लावलं आणि त्या जिन्यापाशी थबकल्या. सगळे हसले. त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली.

"आज तू बघ ओढून," म्हणाल्या आणि मागे न बघता जिना उतरल्या.

मी ओढून बघितलं. जिन्यापर्यंत गेले, थांबले, आणि परत येऊन पुन्हा ओढलं.